चहा प्यायल्यानं कुणी काळं होत नाही: लहान मुलांशी रंगाबद्दल आणि वेगळ्या चेहऱ्यांबद्दल कसं बोलावं

माझी धाकटी पाच वर्षांची असताना एका रविवारी आंघोळीला गेली ती बराच वेळ बाहेरच येईना. जाऊन पाहिलं तर वज्री घेऊन कोपर घासत बसली होती. कातडी लाल झाली होती. "काय करतेस गं?" म्हटलं, तर अगदी शांतपणे म्हणाली, "माझं गोरं खाली आहे ना, ते काढतेय."

थोरली माझ्यासारखी, लोक जिला 'निमगोरी' म्हणतात तशी. धाकटी बाबांसारखी सावळी. आम्ही दोघींत कधी फरक केला नाही, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी मी तिला टॉवेलात गुंडाळलं, "वेडाबाई, तू किती छान आहेस" म्हणाले आणि विषय संपवला. ही माझी पहिली चूक. तिनं मला 'मी छान आहे का' असं विचारलंच नव्हतं. तिच्या डोक्यात कातडीबद्दल एक चुकीची माहिती होती आणि ती मी तशीच राहू दिली.

पुढं वर्षभरात जे जमलं, जे फसलं, ते इथं क्रमानं लिहितेय. हे साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून मोठ्यांशी बोलायची तऱ्हा वेगळी.

आधी एक आठवडा नुसतं ऐका

मुलाशी बोलण्याआधी घर काय बोलतंय ते ऐकून घ्या. मी फ्रिजवर एक कागद लावला आणि रंगाबद्दल घरात जे जे कानावर पडलं ते कुणी म्हटलं ते न लिहिता टिपत गेले. आठ दिवसांत कागद भरला. "चहा मागू नको, काळी होशील." "उन्हात खेळू नको, काळी पडशील." "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे." "हा रंग तुला नाही खुलणार, ताईला घालू दे." शेजारच्या बाळाला बघून आल्यावर, "कानाच्या पाळ्या काळ्या आहेत हो, आत्ता गोरं दिसतंय तेवढंच." यातली दोन वाक्यं माझीच होती.

यात शिवी कुठंही नाही. सगळं मायेनं बोललेलं. पण पाच वर्षांच्या कानांनी ऐका. काळं 'होतात', काळं 'पडतात', म्हणजे ते काहीतरी चुकल्यावर होतं. आणि जे होतं ते घासून जात असणार. शिवाय चार-पाच वर्षांच्या मुलाला रंग कायमचा असतो हेही नीट उमगलेलं नसतं. आंघोळीनं चिखल जातो तसा रंगही जाईल असं त्याला खरोखर वाटू शकतं. धाकटीची वज्री या कागदातूनच आली होती.

मग एकेका वाक्याच्या जागी खरं कारण ठेवायचं. मुलानं चहा पिऊ नये यामागचं खरं कारण झोप आणि भूक हे असतं, म्हणून "चहा प्यालीस तर रात्री झोप येणार नाही" एवढंच सांगायचं. उन्हात न पाठवण्याचं कारण ऊन लागणं हे असतं, म्हणून "टोपी घाल, नाहीतर डोकं दुखेल." 'सावळी आहे पण' मधला तो 'पण' मात्र मुळासकट काढायचा. "सावळी आहे, नाकीडोळी नीटस आहे" म्हणून बघा, वाक्य बिलकुल अडत नाही.

मग खरं कारण सांगा, पण पाच वाक्यांत

"रंगात काय असतं, आपण सगळे सारखेच" हे वाक्य मी खूप वापरलं. मुलाला समोर दिसतंय की सारखे नाही आहोत. आपण दिसणारी गोष्टच नाकारली की त्याला एवढंच कळतं, की या विषयावर मोठी माणसं खरं बोलत नाहीत.

खरं काय आहे ते आधी आपल्याला माहीत हवं. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांची संख्या सगळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते, गोऱ्यात कमी आणि काळ्यात जास्त असं नसतं. त्या पेशी मेलॅनिन नावाच्या द्रव्याचे बारीक कण बनवतात. ते कण किती बनतात, केवढे असतात आणि कसे पसरतात यावर रंग ठरतो. हे कण उन्हातले घातक किरण अडवतात. जिथं ऊन कडक, तिथं हजारो वर्षं राहिलेल्या माणसांत जास्त कण असलेली कातडी टिकली. जिथं ऊन कोवळं, तिथं फिकट कातडी सोयीची ठरली, कारण ड जीवनसत्त्व तयार व्हायला थोडं ऊन आत जावं लागतं. भारतात शेकडो पिढ्या लोक इकडून तिकडे येत-जात राहिले, म्हणून एकाच वाड्यात सगळ्या छटा दिसतात.

एकाच घरात दोन रंग का, तर रंग ठरवणारं जनुक एक नसतं, पुष्कळ असतात, आणि प्रत्येक मुलाच्या वेळी पत्ते नव्यानं पिसले जातात. बाळ जन्मताना फिकट असतं कारण कण बनवण्याचं काम तेव्हा पुरतं सुरू झालेलं नसतं. पुढच्या काही महिन्यांत खरा रंग येतो. म्हणजे 'जन्मली तेव्हा गोरी होती, मग काळवंडली' यात कुणाची चूक नसते. बाळाला उटणं कमी लावलं म्हणून नाही, आणि आईनं केशराचं दूध प्यायलं नाही म्हणूनही नाही. (माझ्या सातव्या महिन्यात आलेली केशराची डबी अजून अर्धी शिल्लक आहे. श्रीखंडात छान लागतं.)

मुलीला यातलं इतकंच सांगितलं:

"तुझ्या कातडीत बारीक बारीक कण आहेत. सगळ्यांच्या असतात. ते उन्हापासून छत्रीसारखं सांभाळतात. तुझ्या अंगात ताईपेक्षा जास्त कण आहेत, बाबांच्या अंगात आहेत तसे. ते वरपासून खालपर्यंत तुझेच आहेत, खाली दुसरा रंग नाही."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिचा गैरसमज तिथंच होता. तुमच्या मुलाचा गैरसमज दुसरा असेल, म्हणून उत्तर देण्याआधी "तुला काय वाटतं, असं का असेल?" हे विचाराच. एका मैत्रिणीच्या मुलाला वाटायचं, काळी माणसं जुनी असतात आणि गोरी नवी. असं काही ऐकल्याशिवाय आपण कितीही मेलॅनिन सांगितलं तरी बाण भलतीकडेच जातो.

एक खड्डा मात्र सांगून ठेवते. 'ऊन' हे कारण अर्धवट सांगितलं की मुलं "म्हणजे ते काका उन्हात भाजले" असा अर्थ काढतात. उन्हानं रापणं वेगळं, ते काही आठवड्यांनी उतरतं. जन्माचा रंग वेगळा. हा फरक दाखवायला घड्याळाच्या पट्ट्याखालची जागा पुरते. "हे बघ, इथं ऊन लागत नाही, हा माझा जन्माचा रंग. बाहेरचा थोडा रापलेला."

आणि विठोबा. आपल्याकडे पहिली धाव तिकडेच असते: "अगं, आपला विठोबा नाही का सावळा?" मीही घेतली. दोन दिवस ती खूश होती. मग कॅलेंडरकडे बोट दाखवून विचारलं, "मग हा कृष्ण निळा का रंगवलाय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विठोबाची गोष्ट जरूर सांगा, पंढरपूरला नेऊन ती काळ्या दगडाची मूर्ती दाखवा, पण समजूत घालायचा उपाय म्हणून नको. 'देव पण तसाच आहे, चालतं' यातलं 'चालतं' मुलं बरोबर पकडतात.

रंग कालवून बघा

सगळ्यात जास्त उपयोग बोलण्याचा नाही, या खेळाचा झाला.

खडूच्या पेटीत एक गुलाबीसर खडू असतो, त्याला आपण सर्रास 'स्किन कलर' म्हणतो. कापडाच्या दुकानातसुद्धा अस्तर मागताना 'स्किन कलरचं द्या' म्हणतो, आणि जे मिळतं ते मागणारीच्या हाताशी कधीच जुळत नाही. अमेरिकेत क्रेयोला कंपनीनं आपल्या अशाच खडूचं 'फ्लेश' हे नाव 1962 साली बदलून 'पीच' केलं. आपल्या घरात ते नाव आपणच बदलू शकतो. आमच्याकडे तो आता 'पेरूचा खडू' आहे, आतून गुलाबी पेरूचा.

पोस्टर कलरच्या लाल, पिवळी, निळी आणि पांढरी अशा चार बाटल्या, आइस्क्रीमचे लाकडी चमचे, जुनी प्लेट आणि पांढरा कागद घ्या. बसायचं खिडकीपाशी, दिवसा. ट्यूबलाइटखाली सगळे रंग खोटे दिसतात. दोन चमचे पिवळ्यात एक चमचा लाल घाला, नारिंगी होईल. त्यात निळा ब्रशच्या टोकावर मावेल एवढाच. लगेच तपकिरी होतो. हा झाला सगळ्यांचा पाया. यातून थोडा थोडा वेगळा काढून एकात पांढरा, एकात आणखी निळा-लाल, एकात पिवळा असं करत प्रत्येकाचा रंग शोधायचा. कागदावर बोट ओढायचं, वाळू द्यायचं, मग हाताशेजारी धरून बघायचं. ओला असताना जुळवलेला रंग वाळल्यावर बदलतो आणि मुलं हिरमुसतात, म्हणून वाळू देणं विसरू नका.

काळा रंग टेबलावर ठेवूच नका. मुलं गडद करायला पहिल्यांदा काळाच मागतात आणि त्यानं सगळं राखाडी, मेल्यासारखं होतं. कुणाचीच कातडी त्या रंगाची नसते हेही तिथंच दिसतं. पांढऱ्या कागदावर हात ठेवला की 'गोरा' माणूसही पांढरा नसतो.

आमच्याकडे त्या दुपारी तीन गोष्टी मुलींनी आपण होऊन शोधल्या. एक, बाबांचा हात बाहेरून आणि आतून दोन वेगळ्या रंगांचा आहे. दोन, सगळ्यांचे तळहात एकमेकांच्या बरेच जवळ आहेत. तीन, थोरलीच्या रंगात धाकटीपेक्षा लाल जास्त पडला, नुसता पांढरा घालून तो येईना. म्हणजे दोघींचे रंग एकाच शिडीवरच्या वरच्या-खालच्या पायऱ्या नाहीत. हे मी दहा भाषणांत सांगू शकले नसते. उरलेले रंग औषधाच्या रिकाम्या डब्यांत भरून त्यावर नावं टाकली.

आजीशी बोलायचं ते मुलांसमोर नाही

चहाचं वाक्य बहुतेक वेळा सासूबाईंचं असायचं. एकदा मी मुलींसमोरच म्हणाले, "अहो आई, असं नका ना बोलू." त्या गप्प झाल्या, दोन दिवस अबोला, आणि मुलींना कळलं की रंग म्हणजे भांडणाचा विषय.

दुसऱ्या वेळी दुपारी, मुली शाळेत असताना, शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा वज्रीचं सांगितलं. त्यांना दोष दिला नाही, जे झालं तेवढंच सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला तीन ठिकाणांहून नकार आला होता रंगावरून. चौथ्यांदा पोहे घेऊन जाताना आईनं पावडर थापली होती, ती घामानं ओघळली." त्यांच्या दृष्टीनं चहाचं वाक्य म्हणजे नातीला त्या पोह्यांपासून वाचवणं होतं.

म्हणून घरातल्या मोठ्यांना व्याख्यान देऊ नका, त्यांचं ऐका आणि मग एकच ठोस गोष्ट मागा. मी म्हणाले, "चहावरून रंगाचं तेवढं म्हणू नका, बाकी मी बघते." एक वाक्य सोडणं माणसाला जमतं. 'विचार बदला' हे जमत नाही.

बाहेरचे पाहुणे बोलले तर मात्र मुलासमोरच, तिथल्या तिथं, हसून आणि थोडक्यात उत्तर द्यायचं, कारण मूल आपल्या तोंडाकडे बघत असतं. लग्नात एक लांबच्या आत्या म्हणाल्या, "ही कुणावर गेली गं? ताई कशी गोरीपान." मी म्हटलं, "बाबांवर गेलीय, रंगही त्यांचा आणि हट्टही." पुढं वाढवलं नाही. घरी येताना रिक्षात मुलीला विचारलं, "आत्याआजी बोलल्या ते कसं वाटलं?" यावेळी रंगाबद्दलचं कटू सत्यही सांगितलं: "काही मोठ्या माणसांना गोरा रंग चांगला असं लहानपणापासून शिकवलंय. ते चूक आहे. तुला कुणी असं बोललं तर मला येऊन सांग, मी रागावणार नाही." सहा वर्षांच्या मुलाला एवढं झेपतं. नाहीच सांगितलं, तर आपल्यातच काही कमी आहे असा निष्कर्ष ते काढतं.

लिफ्टमधला प्रश्न

पुण्यात शिकायला आफ्रिकेतून बरेच विद्यार्थी येतात. आमच्या इमारतीत वर एक सुदानचा मुलगा भाड्यानं राहायचा. तो लिफ्टमध्ये आला आणि धाकटीनं खणखणीत आवाजात विचारलं, "आई, या काकांना एवढं काळं कुणी केलं?"

मी तिचा हात ओढला आणि "शूः!" केलं. त्यानंतर कित्येक दिवस ती 'काळा' हा शब्द कुजबुजून म्हणायची, अगदी काळ्या चपलांबद्दलसुद्धा. मुलानं रंगाचा शब्द असा दबक्या आवाजात घ्यायला लागणं ही आपलं चुकल्याची खूण समजा.

काय करायला हवं होतं ते पुढच्या वेळी केलं. आवाज नेहमीचाच ठेवायचा. मुलाला तिथंच एक छोटं, खरं उत्तर द्यायचं: "कुणी केलं नाही, ते जन्मापासूनच तसे आहेत, तू अशी जन्मलीस तसंच." मग त्या माणसाकडे बघून नमस्कार किंवा हॅलो, आपण इतर शेजाऱ्याला करू तसाच. माफीचा मोठा सोहळा नको, त्यानं अवघडलेपण त्याच्या गळ्यात पडतं. त्याच्याकडून धडाही मागायचा नाही, "सांगा ना हिला तुमच्या देशाबद्दल" असलं काही नको. तो भाजी घेऊन घरी निघालाय. केसांना हात लावायला मूल पुढं झालं तर थांबवायचं: "विचारल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. तुझे गाल ओढलेले तुला आवडतात का?" बाकीचे प्रश्न घरी गेल्यावर. तेव्हा नकाशा काढून सुदान दाखवलं. आफ्रिका हा एक देश नाही, खंड आहे, हे मूल पाच वर्षांचं असतानाच सांगून टाकावं.

'चायनीज' म्हणून चिडवलं तेव्हा

रंगापलीकडचं पहिलं प्रकरण पहिलीत आलं. धाकटीच्या वर्गात एक मुलगी आली, आईवडील सिक्कीमचे, घरी नेपाळी बोलणारे. मधल्या सुट्टीत दोनचार मुलं बोटांनी डोळे ताणून तिला 'चायनीज' म्हणू लागली. धाकटीनं घरी येऊन तीच नक्कल हसत हसत करून दाखवली.

इथं आधी ती कृती थांबवायची, मग माहिती. "हे करायचं नाही. तिला ते बघून वाईट वाटतं." स्वर सपाट, ओरडणं नाही. मग डोळ्यांबद्दल: काही लोकांच्या वरच्या पापणीची एक घडी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर येते, त्यामुळे डोळा वेगळा दिसतो. पुष्कळ तान्ह्या बाळांना ती घडी थोडी असते आणि नाक वर आलं की जाते. काहींची राहते. त्या डोळ्यांनाही आपल्यासारखंच दिसतं.

आणि 'ती आपल्या देशातली कशी?' या प्रश्नाला मी दहा रुपयांची नोट काढली. मागच्या बाजूला 15 भाषांची पट्टी असते. मराठी ओळ तिनं वाचली. "आता तिच्या खालची वाच." ती वाचू शकली, कारण लिपी आपलीच आहे, देवनागरी. मराठीच्या बरोबर खाली नेपाळी आहे. ही तिच्या मैत्रिणीच्या घरातली भाषा, आपल्या नोटेवर, आपल्या ओळीला लागून. सिक्कीम 1975 साली भारताचं राज्य झालं, हे सालाचं मोठ्या मुलांना सांगा. धाकटीला नोट पुरली. दुसऱ्या दिवशी ती नोट घेऊनच शाळेत गेली आणि आली ती एक शब्द शिकून.

याच ओघात आपली जीभही तपासून घ्या. वॉचमनचं नाव न विचारता त्याला 'बहादूर' म्हणून हाक मारणारे आपणच असतो. मूल ते ऐकतं, आणि तसा चेहरा म्हणजे गेटवरचं काम असं मनात जुळवून टाकतं. आमच्या वॉचमनचं नाव विचारायला मला तीन वर्षं लागली.

कधी एवढ्यावर थांबू नये

एकदा घासून बघणं, एकदा 'मला गोरं व्हायचंय' म्हणणं हे कुतूहलही असू शकतं. पण मूल रोज अंग घासतंय, पावडर किंवा तुमची क्रीम चोरून लावतंय, फोटोला उभं राहत नाही, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या सोडत नाही किंवा शाळेला जायलाच नको म्हणतंय, तर आधी वर्गशिक्षिकेला भेटा. तिथं 'चिडवतात' असं मोघम न सांगता कोणता शब्द, कोणत्या वेळी, कुणासमोर हे सांगा. स्नेहसंमेलनात सावळ्या मुलींना मागच्या रांगेत उभं करतात का, तेही विचारा. तरीही काही आठवड्यांत फरक पडला नाही तर बालमानसतज्ज्ञांकडे जायला हरकत नाही. आणि गोरं करणारी कुठलीही क्रीम मुलाच्या अंगाला लावू नका. स्वस्त, बिननावाच्या क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि पारा मूत्रपिंड बिघडवतो.

रंगांच्या त्या डब्या आमच्याकडे अजून आहेत. गेल्या दिवाळीत सासूबाई म्हणाल्या, माझा रंग कालवलाच नाही कुणी. धाकटीनं खिडकीपाशी त्यांचा हात मांडीवर घेतला आणि कामाला लागली. तीनदा वाळवून बघितलं. "आजी, तुझ्यात पिवळा पुष्कळ लागतोय," ती म्हणाली. "हळदीचा हात आहे बाई," आजी म्हणाल्या आणि दुसराही हात पुढं केला, कारण त्याचा रंग वेगळा निघतो का ते त्यांना बघायचं होतं.